सहाला सुटलेल्या दोन गाड्या पुन्हा एकत्र कधी सुटतील? मसावितून लसावि काढण्याची रीत

तालुक्याच्या एखाद्या बसस्थानकाची कल्पना करा. शेजारशेजारच्या दोन फलाटांवरून दोन मार्गांच्या गाड्या सुटतात. पहिल्या मार्गावर जाऊन-येऊन एक फेरी पूर्ण व्हायला १२६ मिनिटे लागतात आणि त्यावर तीन गाड्या फिरतात, म्हणून दर ४२ मिनिटांनी एक गाडी सुटते. दुसऱ्या मार्गाची फेरी १२० मिनिटांची आहे आणि तिथे चार गाड्या आहेत, म्हणून तिथली गाडी दर ३० मिनिटांनी सुटते. सकाळी सहा वाजता दोन्ही मार्गांची पहिली गाडी एकाच वेळी सुटली. आता दोन्ही फलाटांवरून एकाच क्षणी गाड्या पुन्हा कधी सुटतील?

हा प्रश्न मी वर्गात घातला तेव्हा एका मुलीने झटकन ४२ आणि ३० यांचा गुणाकार केला, १२६० मिनिटे म्हणजे २१ तास असा हिशेब मांडला आणि उत्तर दिले, दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता. तिच्या उत्तरात चूक अशी काही नाही. पहाटे तीनपर्यंत गाड्या अखंड सुटत राहिल्या, तर त्या वेळी त्या खरोखरच एकत्र सुटतील, कारण १२६० ही संख्या ४२ च्याही पाढ्यात येते आणि ३० च्याही. प्रश्न इतकाच उरतो, की त्याआधी त्या कधी एकत्र सुटल्या का? फळ्यावर दोन ओळींत वेळा लिहून पाहिल्या. पहिली गाडी ६:००, ६:४२, ७:२४, ८:०६, ८:४८, ९:३०. दुसरी गाडी ६:००, ६:३०, ७:००, ७:३०, ८:००, ८:३०, ९:००, ९:३०. साडेनऊला दोन्ही ओळी जुळल्या. सहापासून साडेनऊपर्यंत २१० मिनिटे होतात. गुणाकाराने आलेले १२६० हे या २१० च्या बरोबर सहापट आहेत, आणि हा सहा कुठून आला हे समजले की लसावि काढण्याची सगळी रीत समजते.

तो सहा म्हणजे ४२ आणि ३० यांचा मसावि, म्हणजे दोन्ही संख्यांना निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या. शाळेत आपण तो अवयव पाडून काढतो. लहान संख्यांसाठी ते ठीक आहे, पण मोठ्या संख्यांचे मूळ अवयव शोधणे फार वेळखाऊ असते. याहून सोपी आणि खात्रीची रीत भागाकाराची आहे. ती युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या भागात दिलेली आहे, आणि ती डोळ्यांनी पाहायची असेल तर कागदाच्या दोन पट्ट्या पुरतात.

एक पट्टी ४२ सेंटिमीटर लांब कापा, दुसरी ३० सेंटिमीटर. लांब पट्टीवर लहान पट्टी ठेवली, की १२ सेंटिमीटरचा तुकडा जास्तीचा उरतो. तो कापून घ्या. आता हा १२ चा तुकडा ३० च्या पट्टीवर ठेवत जा. तो दोनदा बसतो आणि ६ सेंटिमीटर उरतात. हा ६ चा तुकडा १२ च्या तुकड्यावर ठेवला, तर तो दोनदा नेमका बसतो आणि काहीच उरत नाही. काहीही न उरता ज्याने मापता आले तो शेवटचा तुकडा, म्हणजे ६, हाच मसावि. आकड्यांत लिहायचे तर असे:

४२ = १ × ३० + १२
३० = २ × १२ + ६
१२ = २ × ६ + ०

ही रीत खरी का, हेही पट्ट्यांवरून दिसते. जे माप ४२ च्या पट्टीत नेमके बसते आणि ३० च्या पट्टीतही नेमके बसते, ते त्यांच्या फरकात, म्हणजे १२ मध्येही नेमके बसलेच पाहिजे. उलट, जे ३० आणि १२ या दोहोंत बसते ते त्यांच्या बेरजेत, म्हणजे ४२ मध्येही बसते. म्हणून ४२ व ३० या जोडीला जी सामाईक मापे आहेत, तीच ३० व १२ या जोडीला आहेत आणि तीच पुढे १२ व ६ या जोडीलाही आहेत. पायरीपायरीने संख्या लहान होत जातात, पण सामाईक मापांचा संच मुळीच बदलत नाही. शेवटच्या जोडीत उत्तर समोरच असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मसावि सहा आहे, म्हणजे दोन्ही मार्गांच्या वेळा सहा-सहा मिनिटांच्या ठोक्यांत मोजता येतात. स्थानकातले घड्याळ दर सहा मिनिटांनी एक ठोका देते असे समजा. पहिल्या मार्गाची गाडी दर सातव्या ठोक्याला सुटते आणि दुसऱ्याची दर पाचव्या. या दोन मार्गांची कोणतीही गाडी दोन ठोक्यांच्या मध्ये कधी सुटणारच नाही. सात आणि पाच यांना आता एकशिवाय सामाईक विभाजक उरलेला नाही, म्हणून त्या पहिल्यांदा ७ × ५ म्हणजे ३५ व्या ठोक्याला भेटतात. ३५ ठोके प्रत्येकी सहा मिनिटांचे, म्हणजे २१० मिनिटे. त्या मुलीच्या गुणाकारात हा सहाचा ठोका दोनदा आला होता, एकदा ४२ मधून आणि एकदा ३० मधून, तर गरज एकदाच होती. म्हणून गुणाकाराला सहाने एकदा भागायचे:

लसावि = (४२ × ३०) ÷ ६ = २१०

हिशेब करताना आधी गुणून मग भागण्यापेक्षा आधी भागून मग गुणणे सोयीचे असते. ४२ ला सहाने भागून सात, आणि सात गुणिले ३० म्हणजे २१०. आकडे लहान राहतात आणि चूक होण्याची शक्यता कमी होते.

यात एक कडी मी न सांगता पुढे सरकवली आहे, आणि चौकस विद्यार्थ्याने ती पकडलीच पाहिजे. सात आणि पाच यांच्यात सामाईक विभाजक नसला, तर त्या ३५ च्या आधी भेटूच शकत नाहीत हे कशावरून? याचे उत्तर त्याच भागाकाराच्या पायऱ्या उलट्या वाचल्या की मिळते. दुसरी पायरी सांगते, की ६ म्हणजे ३० वजा दोनदा १२. पहिली पायरी सांगते, की १२ म्हणजे ४२ वजा ३०. हे एकात घातले, की ६ = ३ × ३० − २ × ४२ असे मिळते, म्हणजे ९० वजा ८४. ठोक्यांत लिहिले तर १ = ३ × ५ − २ × ७. आता समजा, पहिल्या मार्गाच्या सहाच्या गाडीनंतरची क्रमांक 'क' ची गाडी दुसऱ्या मार्गाच्या गाडीबरोबर सुटली. त्या वेळी ७ × क ठोके झालेले असणार आणि त्याला पाचने निःशेष भाग जाणार. वरच्या समीकरणाला 'क' ने गुणले, तर क = १५ × क − १४ × क. उजवीकडच्या पहिल्या पदाला पाचने भाग जातो, कारण त्यात १५ आहे. दुसऱ्यालाही जातो, कारण ते ७ × क च्या दुप्पट आहे. म्हणून डावीकडच्या 'क' लाही पाचने भाग गेलाच पाहिजे. सर्वांत लहान असा 'क' पाच आहे, आणि पहिल्या मार्गाची पाचवी गाडी बरोबर साडेनऊला सुटते.

उत्तर आले, की ते तपासून पाहण्याची एक पक्की खूण आहे. २१० ला ४२ ने भागले तर ५ येतात आणि ३० ने भागले तर ७. या दोन भागाकारांना एकशिवाय सामाईक विभाजक नसेल, तर मिळालेला विभाज्य लघुतम आहे. कोणी ४२० उत्तर दिले तर भागाकार १० आणि १४ येतील, त्या दोघांना २ ने भाग जातो, म्हणजे उत्तर दुप्पट झाले आहे. आणखी एक घोटाळा मला दरवर्षी उत्तरपत्रिकांत दिसतो. २१० मिनिटे ही दोन तास दहा मिनिटे समजून विद्यार्थी 'आठ वाजून दहा मिनिटे' असे लिहितात. लसावि अचूक, भागाकार अचूक, आणि घड्याळावर येताना मात्र साठऐवजी शंभरचा हिशेब. अशा उत्तराची कसोटी वेळापत्रकाच्या ओळीत आहे, कारण ८:१० ही वेळ वरच्या दोन्ही ओळींत कुठेच नाही.

इथवर दोन्ही गाड्या सहाला एकत्र सुटल्या होत्या. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत बहुधा असेच असते. खऱ्या स्थानकावर मात्र पहिल्या गाड्या क्वचितच एका वेळी सुटतात, आणि मसाविचे खरे काम तिथेच दिसते. दुसऱ्या मार्गाची पहिली गाडी सहाऐवजी सव्वासहाला सुटते असे समजा. बाकी सर्व तेच. तर दोन्ही गाड्या एकत्र कधी सुटतील?

कधीच नाही. दिवसभर नाही आणि गाड्या अशाच महिनाभर अखंड चालवल्या तरी नाही. सहापासून मिनिटे मोजली, तर पहिल्या मार्गाच्या वेळा ०, ४२, ८४, १२६ अशा येतात आणि त्या सगळ्यांना सहाने निःशेष भाग जातो. दुसऱ्या मार्गाच्या वेळा १५, ४५, ७५, १०५ अशा येतात आणि त्यांना सहाने भागले तर प्रत्येक वेळी बाकी ३ उरते. निःशेष भागली जाणारी संख्या आणि बाकी तीन उरणारी संख्या एकच असू शकत नाही. त्या जवळात जवळ येतील त्या तीन मिनिटांच्या अंतरावर. ६:४२ ला पहिल्या मार्गाची गाडी जाते आणि ६:४५ ला दुसऱ्याची, नंतर ८:४५ ला दुसऱ्याची जाते आणि ८:४८ ला पहिल्याची. लसावि अजूनही २१० आहे, पण तो भेटीची हमी देत नाही. भेट एकदा झाली, तर ती दर २१० मिनिटांनी होत राहील, एवढेच तो सांगतो. भेट होईल की नाही हे मसावि ठरवतो, आणि त्याची अट साधी आहे. पहिल्या गाड्यांच्या वेळांतील फरकाला मसाविने निःशेष भाग गेला पाहिजे.

आता फरक १५ ऐवजी १८ मिनिटांचा घ्या. दुसऱ्या मार्गाची पहिली गाडी ६:१८ ला सुटते. अठराला सहाने भाग जातो, म्हणून भेट होणार हे ठरले, पण कधी? इथे ९० वजा ८४ बरोबर ६ हे वरचे समीकरण पुन्हा कामाला येते. आपल्याला फरक ६ चा नको, १८ चा हवा, म्हणून सगळ्याला तीनने गुणू. २७० वजा २५२ बरोबर १८. याचा अर्थ असा, की ६:१८ च्या आधी २७० मिनिटे मागे गेलो आणि ६:०० च्या आधी २५२ मिनिटे मागे गेलो, तर दोन्ही वेळा एकाच वेळी येऊन थांबतो, पहाटे १ वाजून ४८ मिनिटांनी. त्या वेळी स्थानकावर गाडी नसते, पण वेळापत्रक मागे वाढवले असते तर दोन्ही गाड्या तेव्हा एकत्र सुटल्या असत्या. एकदा अशी एक भेट सापडली, की पुढे फक्त लसावि मिळवत जायचे. १:४८ मध्ये साडेतीन तास मिळवले की ५:१८, तेव्हाही गाड्या सुरू झालेल्या नसतात. आणखी साडेतीन तास मिळवले की ८:४८. पहिल्या मार्गाची ही सहाच्या गाडीनंतरची चौथी गाडी आहे, म्हणजे १६८ मिनिटे, आणि दुसऱ्या मार्गाची ६:१८ च्या गाडीनंतरची पाचवी, म्हणजे १८ अधिक १५० मिनिटे. दोन्ही बेरजा जुळतात. त्यानंतरच्या भेटी १२:१८, दुपारी ३:४८ आणि संध्याकाळी ७:१८ ला होतील.

भागाकाराच्या पायऱ्या उलट चढून अशी जुळणी शोधण्याच्या रीतीला आपल्या गणितात कुट्टक म्हणतात. आर्यभटाने ती इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटीयात सूत्ररूपाने दिली आहे, आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत कुट्टकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सव्वासहाच्या गाडीच्या बाबतीत आपल्याला जे आढळले, तेच भास्कराचार्य त्या प्रकरणाच्या आरंभीच सांगतात. भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला भाग जात नसेल, तर तो प्रश्नच दुष्ट, म्हणजे मुळातच सदोष समजावा. आपल्या उदाहरणात भाज्य आणि हार म्हणजे ४२ आणि ३०, क्षेप म्हणजे पहिल्या गाड्यांमधला फरक. उत्तर शोधत बसण्याआधी प्रश्नाला उत्तर आहे का हे एका भागाकाराने पाहून घ्यायचे, ही शिस्त मला फार मोलाची वाटते, आणि शाळेतल्या लसाविच्या उदाहरणांत तिला जागाच मिळत नाही याची खंतही वाटते.

वेळापत्रक करणाऱ्याला यातून एक अनपेक्षित गोष्ट दिसते. पहिल्या मार्गावर गर्दी वाढली म्हणून तीनऐवजी चार गाड्या दिल्या असे समजा, आणि दोन्ही मार्गांची पहिली गाडी पुन्हा सहाला सुटते असे धरा. १२६ मिनिटांची फेरी आणि चार गाड्या, म्हणजे दर साडेएकतीस मिनिटांनी एक गाडी. लसावि-मसावि पूर्ण संख्यांचे असतात, म्हणून अर्धे मिनिट हे एकक धरू. पहिल्या मार्गाचे अंतर ६३ अर्धी मिनिटे, दुसऱ्याचे ६०. ६३ वजा ६० म्हणजे ३, आणि ३ ने ६० ला नेमका भाग जातो, म्हणून मसावि ३. लसावि ६३ ÷ ३ × ६० म्हणजे १२६० अर्धी मिनिटे, म्हणजेच साडेदहा तास. गाड्या वाढल्या, पण पूर्वी दर साडेतीन तासांनी होणारी भेट आता सहानंतर थेट दुपारी साडेचारला होईल. अंतर सोयीसाठी ३२ मिनिटे केले, तर ३२ आणि ३० यांचा मसावि २, लसावि ४८०, म्हणजे भेट आठ तासांनी. तेच अंतर फेरीच्या शेवटी बराच जास्त थांबा देऊन ४० केले, तर मसावि १० आणि लसावि १२०, म्हणजे दर दोन तासांनी भेट. अर्थात त्यासाठी प्रवाशांना जास्त वेळ थांबावे लागेल, पण दोन मार्गांची जोड साधणे महत्त्वाचे असेल तेव्हा मसावि मोठा राहील अशी अंतरे निवडावी लागतात. वेळापत्रकांत २०, ३०, ४०, ६० असे आकडे सोयीचे ठरण्याचे हे एक कारण आहे.

शेवटी, तिसऱ्या फलाटावरून दर ४५ मिनिटांनी सुटणारी गाडी जोडू. तीन संख्यांचा गुणाकार करून तिघांच्या मसाविने भागायचे, असा मोह इथे हटकून होतो. ४२, ३० आणि ४५ यांचा गुणाकार ५६,७०० येतो, तिघांचा मसावि ३ आहे, आणि भागाकार १८,९०० मिनिटे, म्हणजे तेरा दिवस तीन तास. हे उत्तर साफ चुकीचे आहे, कारण ठोके पुन्हा पुन्हा धरले जाण्याचा प्रकार इथे जोडीजोडीत वेगवेगळा आहे. ४२ आणि ३० मध्ये सहाचा, ३० आणि ४५ मध्ये पंधराचा. गुणाकार-भागाकाराचे सूत्र दोन संख्यांचेच आहे, म्हणून ते दोनदा वापरायचे. पहिल्या दोन गाड्या दर २१० मिनिटांनी भेटतात. आता या जोडीला दर २१० मिनिटांनी सुटणारी एकच गाडी समजून ती ४५ बरोबर घ्या. २१० ला ४५ ने भागले तर ३० उरतात, ४५ ला ३० ने भागले तर १५ उरतात, आणि ३० ला १५ ने निःशेष भाग जातो, म्हणून मसावि १५. २१० ÷ १५ म्हणजे १४, आणि १४ × ४५ म्हणजे ६३० मिनिटे. सकाळी सहाला एकत्र सुटलेल्या तिन्ही गाड्या दुपारी साडेचारला पुन्हा एकाच वेळी सुटतील. पहिल्या मार्गाची ती पंधरावी गाडी असेल, दुसऱ्याची एकविसावी आणि तिसऱ्याची चौदावी, सहाची गाडी शून्यावी धरून.